दोन पीडीएफ, एक खाडी: नेमकं काय बदललं ते कसं शोधायचं?

अलिबागहून पुन्हा एकदा तुमच्या कानाशी. नेहमीप्रमाणे आजच्या भागाचा हा लिखित मजकूर. आज यात थोड्या कमांड आहेत, त्यामुळे ऐकून टाइप करत बसू नका, इथून सरळ कॉपी करा.

आजचा विषय एका श्रोत्याच्या प्रश्नातून आला. रेवदंड्याच्या बाजूला, कुंडलिकेच्या खाडीजवळ त्यांच्या घरची थोडी जमीन आहे. एक एजंट त्यांना सांगून गेला, "२०१९ मध्ये सीआरझेड बदललं, शंभराचं पन्नास झालं, तुमची जमीन आता मोकळी." दुसरा म्हणतो, "काहीही बदललेलं नाही, दोनशे मीटर ते दोनशेच आहे." दोघांनीही व्हॉट्सअ‍ॅपवर पीडीएफ पाठवली. आता या माणसाकडे दोन पीडीएफ आहेत, दोन्ही इंग्रजीत, दोन्ही लांबलचक. त्यांचा प्रश्न इतकाच होता: "यात नेमकं काय घातलं आणि काय काढलं, हे मला स्वतःला कसं कळेल?"

हा प्रश्न मला फार आवडला. कारण "पीडीएफ कंपेअर" असं शोधलं की शंभर वेबसाइट येतात. दोन फाइल टाका, लाल-हिरवं करून मिळतं. पण त्या लाल-हिरव्यावर विश्वास कधी ठेवायचा आणि कधी नाही, हे कुणी सांगत नाही. ते आज आपण बघू, आणि उदाहरण म्हणून याच दोन फाइल घेऊ.

आधी फाइल कुठल्या ते स्पष्ट करतो. सीआरझेड म्हणजे किनारी नियमन क्षेत्र. पहिली अधिसूचना आहे ६ जानेवारी २०११ ची आणि दुसरी १८ जानेवारी २०१९ ची. दोन्ही भारताच्या राजपत्रात छापलेल्या आहेत. व्हॉट्सअ‍ॅपवर आलेली प्रत वापरू नका, केंद्र सरकारच्या ई-राजपत्राच्या साइटवरून घ्या. कारण २०११ च्या अधिसूचनेत नंतर सुधारणा होत गेल्या आणि त्या सुधारणा आत घालून तयार केलेल्या प्रतीही फिरतात. तुम्ही मूळ प्रत आणि सुधारित प्रत यांत गोंधळ केलात, तर फरक शोधण्याचं सगळं काम बरोबर करूनही उत्तर चुकीचं येईल. म्हणून पहिलं काम हे की दोन्ही फाइलच्या पहिल्या पानावरची तारीख डोळ्यांनी वाचायची.

पीडीएफमध्ये मजकूर असतो का?

दोन वर्ड फाइलची तुलना सोपी असते, कारण आत खरोखर वाक्यं आणि परिच्छेद असतात. पीडीएफचं तसं नाही. पीडीएफ म्हणजे छपाईसाठीच्या सूचना. "या पानावर, डावीकडून इतक्या अंतरावर, खालून इतक्या अंतरावर, या फॉन्टमधली ही आकृती काढ." बस. ओळ कुठे संपली, परिच्छेद कुठे सुरू झाला, वर छापलेलं "भारताचं राजपत्र" हे शीर्षक आहे की कायद्याचा भाग आहे, यातलं बहुतेक वेळा फाइलला काहीच माहीत नसतं.

म्हणजे तुलना करणारं कुठलंही साधन आधी एक काम गुपचूप करतं: त्या आकृत्यांवरून मजकूर पुन्हा जुळवतं. आणि मग जुळवलेल्या दोन मजकुरांची तुलना करतं. हे लक्षात ठेवा. लाल-हिरवा निकाल हा तुम्ही पाहत असलेल्या पानाबद्दल नसतो, तो या जुळवलेल्या मजकुराबद्दल असतो. जुळवणीत गडबड झाली असेल, तर जे बदललंच नाही ते लाल दिसतं, आणि वाईट म्हणजे, जे बदललं ते कधीकधी दिसतच नाही.

म्हणून मी हे दोन टप्पे मुद्दाम वेगळे करतो. आधी मजकूर काढायचा, तो बघायचा, आणि मगच तुलना करायची.

अँड्रॉइड फोनवर हे टर्मक्स नावाच्या अ‍ॅपमध्ये होतं. ते एफ-ड्रॉइडवरून घ्या. उघडल्यावर काळी पाटी येते, घाबरू नका. आयफोनवाल्यांनी कुणाचा तरी लॅपटॉप पकडावा. तर सुरुवातीला हे तीन टाकायचं:

```
pkg install poppler
termux-setup-storage
cd ~/storage/downloads
```

पहिल्या ओळीने पीडीएफमधून मजकूर काढणारी साधनं येतात. दुसरीने फोन तुमच्याकडे फाइल बघायची परवानगी मागतो, ती द्या. तिसरीने आपण डाउनलोडच्या फोल्डरमध्ये जातो. तिथे दोन्ही फाइल `crz2011.pdf` आणि `crz2019.pdf` अशा नावांनी ठेवा.

राजपत्रात अधिसूचना आधी हिंदीत आणि मग इंग्रजीत असते. आपल्याला एकच भाषा हवी. दोन्ही फाइल उघडून इंग्रजी भाग कुठल्या पानापासून कुठल्या पानापर्यंत आहे ते बघा आणि ते आकडे खाली टाका. मी टाकलेले आकडे फक्त नमुन्याचे आहेत.

```
pdftotext -f 15 -l 30 crz2011.pdf juna.txt
pdftotext -f 20 -l 38 crz2019.pdf nava.txt
wc -w juna.txt nava.txt
```

शेवटची ओळ दोन्ही फाइलमधले शब्द मोजते. हे मोजणं टाळू नका. पंधरा-वीस छापील पानांत हजारो शब्द असायला हवेत. उत्तर शून्य किंवा दहा-वीस आलं, तर ती फाइल स्कॅन आहे, म्हणजे पानांचे फोटो. तिच्यात आकृत्याही नाहीत, नुसतं चित्र आहे. अशा फाइलची तुलना केली तर काही साधनं थाटात सांगतात, "कोणताही फरक आढळला नाही." दोन रिकाम्या पानांत फरक कसा असणार?

शब्द भरपूर आले तरी अजून एक तपासणी करा. पीडीएफमध्ये सुरुवातीचं, मधलं आणि शेवटाकडचं असं एकेक वाक्य निवडा आणि ते काढलेल्या मजकुरात तसंच आलंय का बघा. आकडे आणि तक्ते विशेष करून. हे पाच मिनिटांचं काम आहे.

आधी गाळ काढायचा

आता लगेच तुलना केली तर काय होईल? जवळजवळ सगळंच बदललेलं दिसेल. कारण साधी तुलना ओळीनुसार होते. एका फाइलमध्ये ओळ जिथे तुटली, तिथे दुसरीत तुटलेली नसते. एक शब्द जरी वाढला तरी खालच्या सगळ्या ओळी सरकतात. शिवाय दर पानावरचं राजपत्राचं शीर्षक वाक्याच्या मधोमध येऊन बसतं. आणि २०११ च्या मजकुरात मीटरसाठी संक्षिप्त रूप `mts` आहे, तर २०१९ मध्ये पूर्ण शब्द आहे. अर्थ तोच, पण यंत्राच्या लेखी तो बदल.

या सगळ्याला मी गाळ म्हणतो. मासे निवडायच्या आधी जाळ्यातला गाळ झटकतात ना, तसं. तर हे करायचं:

```
for f in juna nava; do
  grep -v 'GAZETTE OF INDIA' $f.txt |
  sed -E 's/ ?mts/ metres/g; s/meters/metres/g' |
  tr -s '[:space:]' '\n' > $f.w
done
```

यात तीन गोष्टी होतात. मोठ्या अक्षरांत छापलेलं राजपत्राचं शीर्षक ज्या ओळीत आहे ती ओळ निघून जाते. मीटरची सगळी रूपं एकसारखी होतात. आणि तिसरी गोष्ट महत्त्वाची: प्रत्येक शब्द स्वतंत्र ओळीवर जातो. आता ओळ कुठे तुटली याचा प्रश्नच उरत नाही, कारण ओळ म्हणजेच शब्द. मग तुलना:

```
diff -U6 juna.w nava.w > farak.txt
```

`-U6` म्हणजे प्रत्येक बदलाच्या आधीचे सहा आणि नंतरचे सहा शब्द दाखव. `farak.txt` मध्ये ज्या शब्दाआधी वजा आहे तो काढलेला, अधिक आहे तो घातलेला, काहीच नाही तो जसाच्या तसा.

गाळ काढताना एक पथ्य पाळा. जे एकसारखं केल्याने अर्थ बदलूच शकत नाही, तेवढंच एकसारखं करा. मोकळ्या जागा, ओळी, पानाचं शीर्षक, एककाचं स्पेलिंग, ठीक आहे. पण आकडे, "आणि", "किंवा", "नाही", "वगळून", यांना हात लावू नका. काही वेबसाइट निकाल नीटनेटका दिसावा म्हणून विरामचिन्हं गाळतात. कायद्याच्या मजकुरात एका स्वल्पविरामाने यादी दोन भागांत तुटते. आणि मूळ `juna.txt` व `nava.txt` जपून ठेवा, शंका आली की तिथेच परत जायचं असतं.

पूर्ण फाइल नको, जोडीचा परिच्छेद घ्या

एवढं करून `farak.txt` उघडली की या दोन अधिसूचनांच्या बाबतीत तुमची निराशा होईल. तरीही पानंच्या पानं वजा आणि पानंच्या पानं अधिक दिसतील. साधन बिघडलेलं नाही. कारण असं की २०१९ मध्ये मजकूर नुसता दुरुस्त केलेला नाही, त्याची मांडणीच बदलली आहे. उदाहरणार्थ, किनारी क्षेत्राचं सीआरझेड एक, दोन, तीन, चार असं वर्गीकरण २०११ मध्ये सातव्या परिच्छेदात होतं. २०१९ मध्ये ते दुसऱ्या परिच्छेदात आलं.

आणि अशी तुलना वरून खाली एकाच दिशेने चालते. तिला "हा परिच्छेद तिकडून इकडे आला" असं सांगता येत नाही. ती म्हणते, "इथे काहीतरी नवीन आलं" आणि खूप खाली म्हणते, "इथलं काहीतरी गेलं." बघणाऱ्याला वाटतं, अरे, एवढं सगळं काढून टाकलं! प्रत्यक्षात ते घर बदलून गेलेलं असतं.

म्हणून कुठलाही मोठा वजा दिसला की घाई करायची नाही. त्यातले दोन-तीन वेगळे शब्द घेऊन ते नव्या फाइलमध्ये दुसरीकडे आहेत का ते शोधायचं. आपल्याला खाडी हवी आहे, तर खाडीसाठीचा इंग्रजी शब्द शोधू:

```
grep -n -i creek juna.txt
grep -n -i creek nava.txt
```

दोन्हीकडे ओळ क्रमांकासकट सगळ्या जागा मिळतात. आता सुरुवातीची, सीआरझेड म्हणजे कुठलं क्षेत्र हे सांगणारी कलमं बघा. दोन्ही अधिसूचनांत ती पहिल्या भागातच आहेत. तेवढाच भाग दोन्हीकडून कॉपी करून दोन छोट्या फाइल बनवा आणि वरचीच प्रक्रिया त्यांच्यावर करा. फोनवर हे जरा खटपटीचं आहे, पण फाइल लहान झाल्या की निकाल एकदम स्वच्छ येतो.

वाक्य मोठं आणि इंग्रजीत आहे, म्हणून मी त्याचा गाभा मराठीत, छोटा करून दाखवतो:

```
 भरतीरेषेपासून
 जमिनीच्या
 बाजूला
-१००
+५०
 मीटर
 किंवा
 खाडीची
 रुंदी
 यापैकी
 जे
 कमी
```

सापडलं! समुद्राला जोडलेल्या, भरतीचं पाणी जिथवर चढतं अशा खाड्यांच्या काठी पूर्वी १०० मीटरपर्यंतची जमीन सीआरझेडमध्ये यायची, आता ५० मीटरपर्यंतची. म्हणजे पहिला एजंट पूर्ण खोटं बोलत नव्हता.

पण थांबा. आता वजा-अधिक नसलेले शब्द वाचा. "किंवा खाडीची रुंदी, यापैकी जे कमी." हे शब्द बदलले नाहीत म्हणून यंत्राने ते रंगवले नाहीत. पण तुमच्या जमिनीचं काय झालं हे त्यांच्यावरच ठरतं.

तीन खाड्या धरू. पहिली २०० मीटर रुंद. जुन्या नियमाने १०० आणि २०० यांतलं कमी म्हणजे १००, नव्या नियमाने ५०. मर्यादा निम्मी झाली. दुसरी ८० मीटर रुंद. जुन्या नियमाने १०० आणि ८० यांतलं कमी, म्हणजे ८०. नव्याने ५०. इथे फरक पन्नासाचा नाही, तीस मीटरचा पडला. तिसरी खाडी म्हणा किंवा खाडीचा एखादा फाटा म्हणा, ३० मीटर रुंद. जुन्या नियमाने ३०, नव्यानेही ३०. कागदावर शंभराचं पन्नास झालं, पण त्या फाट्याच्या काठच्या माणसासाठी काहीही बदललं नाही.

त्याच वाक्यात पुढे असंही आहे की खाडीत आत कुठपर्यंत हे लागू, ते पाण्याच्या खारटपणावरून ठरतं. वर्षातल्या सगळ्यात कोरड्या काळात मोजून, दर हजारी ५ भाग क्षार, तिथपर्यंत. हा आकडा दोन्हीकडे तोच आहे. म्हणजे रुंदीची पट्टी आखडली, लांबीची कसोटी तशीच राहिली. हेही तुम्हाला न रंगवलेल्या शब्दांतच सापडतं.

दोनशे ते दोनशेच?

आता दुसरा एजंट. तो दोनशे मीटर म्हणतोय ते समुद्रकिनाऱ्याचं. २०११ मध्ये ग्रामीण भागात, म्हणजे सीआरझेड तीनमध्ये, समुद्राच्या भरतीरेषेपासून २०० मीटरचा पट्टा "ना विकास क्षेत्र" होता. २०१९ च्या फाइलमध्ये शोधलं तर दोनशे मीटर आणि ना विकास क्षेत्र हे शब्द आजही सापडतात. माणूस खूश होतो: बघा, तेच आहे.

पण त्याच्या वर नवा मजकूर आला आहे. सीआरझेड तीनचे दोन भाग केले: तीन-अ आणि तीन-ब. २०११ च्या जनगणनेनुसार जिथे लोकसंख्येची घनता दर चौरस किलोमीटरला २,१६१ पेक्षा जास्त आहे, ती दाट वस्तीची ग्रामीण क्षेत्रं तीन-अ मध्ये. तिथे नवा आराखडा मंजूर झाल्यावर ना विकास क्षेत्र ५० मीटर. बाकीची तीन-ब मध्ये, आणि त्यांच्यासाठी २०० मीटर तसंच राहिलं.

म्हणजे २०० हा आकडा पुसला गेला नाही. त्याच्या वर काही वाक्यं घातली गेली आणि त्यामुळे तो कुणाला लागू होतो ते आकसलं. हा प्रकार तुलनेत ओळखायला सगळ्यात अवघड. वजा शोधणाऱ्याला तो दिसत नाही, कारण वजा नाहीच. म्हणून नव्या मजकुरात कुठेही नवी व्याख्या, नवा उपप्रकार, "च्या अधीन राहून" किंवा "वगळता" असं काही अधिक दिसलं, की त्या शब्दाचा वापर पुढे कुठेकुठे होतो ते `grep` ने शोधून प्रत्येक जागा वाचायची. घातलेलं वाक्य एका जागी असतं, परिणाम दहा जागी.

आणि श्रोत्याच्या प्रश्नाला उत्तर देताना हेही सांगायला हवं की मजकुराची तुलना इथपर्यंतच नेते. २०१९ च्या अधिसूचनेतच म्हटलंय की तिच्यानुसार किनारी क्षेत्र व्यवस्थापन आराखडा सुधारून मंजूर होईपर्यंत २०११ चा आराखडा चालेल. तुमचा सर्व्हे नंबर कुठे येतो ते त्या मंजूर नकाशावर ठरतं. भरतीरेषाही आपण ओहोटीला काठावर उभं राहून ठरवायची नसते, ती अधिकृतपणे आखलेली असते. नकाशा म्हणजे चित्र, त्यावर आपली शब्दांची तुलना चालत नाही. तेव्हा जमिनीचा व्यवहार एजंटच्या पीडीएफवर करू नका आणि माझ्या पॉडकास्टवर तर अजिबात नको. पण मंजूर नकाशा मागताना, तज्ज्ञाशी बोलताना कुठल्या कलमातल्या कुठल्या शब्दावर बोट ठेवायचं हे आता तुम्हाला माहीत आहे.

आणि पीडीएफ मराठी असेल तर?

इथे खरी मजा. आतापर्यंत इंग्रजी होतं म्हणून सगळं सुरळीत चाललं. मराठी पीडीएफमध्ये दोन खास अडचणी येतात.

पहिली, जुने फॉन्ट. युनिकोडच्या आधीच्या देवनागरी फॉन्टमध्ये अक्षर दिसतं देवनागरी, पण आत साठवलेलं असतं इंग्रजी कळीचं अक्षर. कृतिदेव फॉन्टमध्ये "महा" लिहिलेलं कॉपी करून बघा, `egk` मिळतं. फाइल अशी आहे का ते काढलेला मजकूर पाहिला की लगेच कळतं, किंवा ही कमांड फॉन्टची यादी देते:

```
pdffonts file.pdf
```

त्यात `uni` नावाचा रकाना असतो. तिथे `no` असेल तर त्या फॉन्टमधून अक्षरं नीट निघतीलच याची खात्री नाही. मात्र, दोन्ही फाइल एकाच जुन्या फॉन्टमध्ये असतील तर तुलना तरीही चालते! मजकूर वाचता येणार नाही, पण `egk` दोन्हीकडे `egk` च असेल. फरक जिथे दिसेल ती जागा मूळ पीडीएफमध्ये शोधून डोळ्यांनी वाचायची. अडचण तेव्हा, जेव्हा जुनी प्रत जुन्या फॉन्टमध्ये आणि नवी युनिकोडमध्ये. मग एकही शब्द जुळत नाही. अशा वेळी, आणि स्कॅन फाइललाही, पानांची चित्रं करून त्यांतून अक्षरओळख करणं हाच मार्ग. टेसरॅक्ट हे साधन मराठी ओळखतं. दोन्ही फाइलवर तेच साधन, त्याच रिझोल्यूशनला चालवा, म्हणजे चुकाही बऱ्यापैकी सारख्याच होतील. आणि आकडे प्रत्येक वेळी डोळ्यांनी तपासा. पुसट छपाईत १ आणि ९ मध्ये अक्षरओळख सहज फसते, आणि आपल्या कामात सगळं आकड्यावरच असतं.

दुसरी अडचण मला स्वतःला फार गमतीची वाटते. "किनाऱ्यावर" हा शब्द घ्या. त्यातला तो "ऱ्या" युनिकोडमध्ये एकापेक्षा जास्त प्रकारे लिहिला जातो. कुणाचा कीबोर्ड खास मराठीचा "ऱ" वापरतो, कुणाचा साधा "र", हलन्त आणि एक अदृश्य जोडचिन्ह. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात. यंत्राला मात्र ते वेगळे शब्द वाटतात. त्यामुळे किनाऱ्याबद्दलच्या मराठी कागदात "किनाऱ्या" हाच शब्द पानोपानी बदललेला दिसू शकतो, आणि त्या गर्दीत खरा बदल हरवतो. वजा-अधिकमध्ये दोन दिसायला हुबेहूब शब्द आले की ही भानगड ओळखायची. उपाय छोटा आहे. `pkg install python` करून हा तुकडा `ek.py` नावाने ठेवा:

```
import sys, unicodedata as u
t = u.normalize("NFC", sys.stdin.read())
t = t.replace("\u0930\u094d\u200d", "\u0931\u094d")
print(t)
```

आणि तुलनेआधी दोन्ही फाइल त्यातून काढा:

```
python ek.py < juna.txt > juna2.txt
python ek.py < nava.txt > nava2.txt
```

निकाल खरा मानण्याआधी

शेवटी, मी स्वतः करतो ती एक तपासणी सांगतो. तुलना झाली की आधी तो बदल शोधा जो झाला आहे हे तुम्हाला खात्रीने माहीत आहे. सीआरझेडच्या बाबतीत खाडीचं शंभराचं पन्नास. तो तुमच्या `farak.txt` मध्ये दिसत नसेल, तर बाकीचा निकाल वाचूच नका, मजकूर काढण्यात किंवा गाळ काढण्यात कुठेतरी घोळ आहे. असा माहितीतला बदल नसेल तर स्वतः करा: `nava.txt` ची एक प्रत घ्या, मधल्या कुठल्यातरी वाक्यातला एक आकडा बदला, आणि तो सापडतो का बघा. सापडला, तर निदान तेवढ्या भागात साधन जागं आहे.

मग उलट दिशेने: निकालातला प्रत्येक महत्त्वाचा वजा आणि अधिक मूळ पीडीएफच्या पानावर जाऊन बघा. मजकुरात नाही, पानावर. आपण तुलना जुळवलेल्या मजकुराची केली होती, आठवतंय ना? कायदा छापलेला आहे तो पानावर.

तर रेवदंड्याच्या त्या श्रोत्यासाठी थोडक्यात: दोन्ही एजंटांनी फाइलमधलाच आकडा सांगितला, पण एकाने शेजारचं "यापैकी जे कमी" सोडलं आणि दुसऱ्याने वर घातलेलं तीन-अ सोडलं. दादा, आधी तुमच्या बाजूची खाडीची रुंदी आणि मंजूर आराखडा बघा, मग चहाला बोलवा त्यांना.

तुमच्याकडे मराठी पीडीएफच्या दोन आवृत्त्या असतील आणि वरच्या कमांड कुठे अडल्या, तर कुठल्या ओळीला काय एरर आला ते कॉपी करून पाठवा. फोटो नको, मजकूर पाठवा, का ते आता तुम्हाला कळलंच असेल! भेटू पुढच्या भागात.